सव्विसावी शंका

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे भावोजींना, आम्ही घरात शंकासुर म्हणतो. त्यांच्या पाठीमागे म्हणतो. तोंडावर म्हटलं तर हा शब्द कुठून आला, कुणी पहिल्यांदा वापरला, आणि त्यात असुर कशाला घातला, हे ते विचारतील आणि उत्तर मिळेपर्यंत आपल्याला जेवू देणार नाहीत. माणूस वाईट नाही, फक्त डोक्याला ताप आहे. आणि आमच्या धंद्यात असले लोक ओळीनं येतात, पण ते निदान संध्याकाळी आपल्या घरी जातात. भावोजी माझ्या बहिणीच्या घरी जातात, आणि तिथून फोन करतात.

गावाबाहेर त्यांचा मेंढ्यांचा वाडा आहे. दीडशेच्या आसपास मेंढ्या, तारेचं कुंपण, मधोमध सिमेंटची चिंचोळी गल्ली, जिच्यातून एकेक मेंढी पुढे सरकते आणि औषध पाजून घेते. भावोजींचा उजवा गुडघा कामातून गेला आहे. त्यामुळे मेंढ्या गोळा करायचं, गल्लीत घालायचं, चुकार मेंढीला परत वळवायचं, हे सगळं काम मास्तरीण करते. मास्तरीण म्हणजे त्यांची कॉली कुत्री. ती भुंकत नाही. नुसती उभी राहून मेंढ्यांकडे बघते, आणि मेंढ्या निमूट रांगेत लागतात. नाव ताईनं ठेवलं. ताई म्हणते, हे दिवसभरात माझ्याशी चार वाक्यं बोलतात आणि तिच्याशी चाळीस. मास्तरीण गेली तर वाडा दुसऱ्या महिन्यात बंद होईल, हे ताईला माहीत आहे, भावोजींना माहीत आहे, आणि बहुधा मेंढ्यांनाही माहीत आहे.

मी जनावरांची डॉक्टर. दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर बाकडं, आत स्टीलचं टेबल, कोपऱ्यात वजनकाटा, सगळीकडे फिनाईलचा वास. माझ्याआधीच्या डॉक्टरांपासून तिथे असलेला एक कंपाउंडर आहे. तो दिवसाला जेमतेम पाच शब्द बोलतो, आणि त्यातले दोन ‘पुढचं घ्या’ असतात. डॉक्टर म्हणून पंधरा वर्षं झाली तरी भावोजींच्या नजरेत मी अजून फ्रॉकमधलीच. मी काही सांगितलं की ते मान हलवतात, आणि मग मेंढ्या पाळणाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, त्यात विचारून खात्री करतात.

या ग्रुपवर एके दिवशी कुणीतरी लिहिलं की पांढऱ्या पायांच्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिन, म्हणजे जंतांचं औषध, दिलं तर तो मरतो. झालं. दुसऱ्या दिवशी भावोजी मास्तरणीला घेऊन दवाखान्यात हजर.

“हिचे तीन पाय पांढरे आहेत,” ते म्हणाले. “चौथा तपकिरी. म्हणजे धोका पाऊण धरायचा का?”

मी सांगितलं की पायांच्या रंगाचा काही संबंध नाही. कॉली आणि तिच्या नात्यातल्या मेंढ्या राखणाऱ्या जातींमध्ये एक जनुक बिघडलेलं असू शकतं, एवढंच खरं. त्या जातींमध्ये पांढरे पाय खूप दिसतात, म्हणून कुणीतरी जुन्या काळी पायांवरून अंदाज बांधला. पूर्ण तपकिरी कुत्र्यातही बिघाड असू शकतो, आणि चारही पाय पांढरे असून कुत्रा ठणठणीत असू शकतो. बघायचं असेल तर तपासणी करावी लागते.

“तपासणीत काय दिसतं?”

“जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही चांगल्या, एक चांगली एक वाईट, किंवा दोन्ही वाईट. हे तीनच निकाल.”

“एक चांगली एक वाईट असेल तर अर्धा डोस द्यायचा?”

मी कंपाउंडरकडे बघितलं. त्यानं छताकडे बघितलं.

नमुन्यासाठी मी त्यांना दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. नमुना घेणं सोपं असतं. छोट्या ब्रशनं गालाच्या आतून घासायचं, वाळवायचं, पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवायचं. फक्त त्याआधी थोडा वेळ कुत्र्यानं काही खाल्लेलं नको, नाहीतर गालातल्या पेशींऐवजी नाश्ताच तपासला जातो. हे मी आदल्या संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं. भावोजींनी ते लिहूनही घेतलं होतं. आणि तरी वाटेत मास्तरणीनं केविलवाणं तोंड केलं म्हणून तिला अर्धा पाव दिला होता. मग मास्तरीण बाकड्याखाली आणि भावोजी बाकड्यावर, अशी दोघं एक तास बसली. तेवढ्या वेळात त्यांनी आलेल्या प्रत्येक माणसाला विचारलं की तुमच्या कुत्र्याचं जनुक तपासलंय का. एका बाईच्या पिंजऱ्यात पोपट होता.

दोन आठवड्यांनी निकाल आला. दोन्ही प्रती वाईट.

मी त्यांना समोर बसवून नीट सांगितलं, आणि हे मी चांगलं सांगितलं, याबद्दल माझी काही तक्रार नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक प्रथिन असतं, ते दारावरच्या पहारेकऱ्यासारखं काम करतं. नको ती औषधं आत शिरली की उचलून पुन्हा रक्तात फेकतं. मास्तरणीच्या जनुकात चार अक्षरं गळालेली आहेत, त्यामुळे तिच्यात हे प्रथिन अर्धवट तयार होतं आणि काहीच काम करत नाही. दारावर कुणी नाही. इतर कुत्र्यांच्या बाबतीत जे औषध मेंदूबाहेर राहतं, ते हिच्या मेंदूत जाऊन साचतं. बुबुळं मोठी होतात, लाळ गळते, पाय लटपटतात, दिसेनासं होतं, आणि जास्त झालं तर कुत्रं बेशुद्ध पडतं आणि श्वास थांबतो. यावर उतारा नाही. औषध शरीराबाहेर जाईपर्यंत कुत्र्याला जिवंत ठेवायचं, एवढंच हातात असतं.

भावोजी पांढरे पडले. मग त्यांनी खिशातून एक पट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली. हृदयातल्या जंतांसाठी महिन्याला एक चघळायची गोळी मीच मास्तरणीला सुरू केली होती.

“ही घे परत. यात तेच औषध आहे. पाकिटावर लिहिलंय.”

“भावोजी, या गोळीत किलोमागे सहा मायक्रोग्रॅम आयव्हरमेक्टिन असतं. दोन्ही प्रती वाईट असलेल्या कुत्र्यालाही ते चालतं, हे तपासून पाहिलेलं आहे. त्रास सुरू होतो तो साधारण शंभरच्या पुढे. तुमच्या मेंढ्यांना किलोमागे दोनशे देतात. कुत्र्यांच्या खरजेवर तर रोज तीनशे आणि त्याहून जास्त देतात. विष नावात नसतं, मापात असतं.”

“पण औषध तेच.”

“औषध तेच. ठिणगी आणि वणवा, दोन्हीत आगच असते.”

त्यांनी पट्टी उचलली नाही. ती तशीच दोन दिवस माझ्या टेबलावर पडून राहिली. शेवटी मी हात टेकले आणि मिल्बेमायसिनची गोळी लिहून दिली. तीही त्याच कुळातली, तीही लेबलवरच्या मापात सुरक्षित, पण नाव वेगळं. नाव वेगळं म्हटल्यावर भावोजींचा जीव भांड्यात पडला. शास्त्र कुठपर्यंत पोचतं आणि पुढे काय लागतं, हे मी त्या दिवशी शिकले.

मग वही आली.

ही वही म्हणजे भावोजींचा सगळ्या डॉक्टरजातीवर असलेला अविश्वास. फार वर्षांपूर्वी दोन डॉक्टरांनी एकाच मेंढीबद्दल त्यांना दोन वेगवेगळी उत्तरं दिली होती, आणि नंतर दोघांनीही आपण तसं बोललोच नाही म्हणून हात वर केले होते. तेव्हापासून भावोजी शंका वहीत क्रमांक घालून लिहितात, समोर जागा सोडतात, आणि डॉक्टरनं त्या जागेत स्वतःच्या हातानं उत्तर लिहून खाली सही करायची. एरवी ही वही बघून इतर डॉक्टर आजारी पडतात. मी घरची, मला पळता येत नाही.

वही आली तो दिवस आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस होता. बाहेर बाकड्यावर जागा नव्हती, आत एक मांजर माझ्या हातमोज्यातून आरपार चावलं होतं, आणि एका गोठ्यावरून तिसऱ्यांदा फोन येऊन गेला होता. भावोजी आत आले, खुर्ची ओढली, वहीचं रबर काढलं.

“सव्वीसच आहेत,” ते म्हणाले.

मी लिहीत गेले. गोचीड-पिसवांची चघळायची गोळी चालेल का? चालेल, ते वेगळ्या कुळातलं औषध आहे, या जनुकाशी त्याचा संबंध येत नाही. फक्त कधी फिट आली असेल तर आधी मला सांगा. मानेवर टाकायचे थेंब? सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन, कुत्र्यासाठी आणि तिच्या वजनासाठी असलेलं पाकीट असेल तर चालेल. घोड्याच्या जंतांची पेस्ट वाटाण्याएवढी? अजिबात नाही, शेंगदाण्याएवढीही नाही. मेंढीचं इंजेक्शन अर्धं? नाही. पाव? नाही. माणसाची जुलाब थांबवायची गोळी, लोपेरामाइड? नाही, तीही याच जनुकात अडकते. आणि ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्याला हा निकाल दाखवा. इथपर्यंत शंका बऱ्या होत्या. मग त्या उतरणीला लागल्या. मास्तरणीचं जनुक चाटण्यातून मेंढ्यांना लागेल का? तिला उन्हात बसवलं तर जनुक सुधारेल का? आम्ही दोघं एकाच खोलीत झोपतो, तर माझं जनुक तपासायचं का?

मी आधी चिडले आणि मग मला मजा यायला लागली. एकोणिसाव्या शंकेसमोर मी ‘फक्त पौर्णिमेला’ असं लिहिलं. कंपाउंडर मागून वाचत होता, आणि तो हसला. या दवाखान्यातल्या माझ्या आठ वर्षांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. हेच मला नडलं. आपल्या टवाळीवर हसणारं कुणी मिळालं की माणूस पुढचं नीट वाचत नाही, आणि मी तर सही करत सुटले होते.

सव्विसावी शंका अशी होती: ‘मेंढ्यांना जंताचं औषध पाजल्यावर त्यांच्या लेंड्या कुत्र्यानं खाल्ल्या तर?’

समोर मी लिहिलं: ‘भाजून द्या. जास्त चविष्ट लागतात.’ आणि खाली वळणदार सही.

कंपाउंडरच्या तोंडून हसू फुटलं, आणि माझ्याही. भावोजींनी चष्मा वर करून उत्तर वाचलं, पुन्हा वाचलं, वही मिटली, तिला रबर लावलं. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. “बरं,” म्हणाले, आणि लंगडत बाहेर गेले. त्या दिवशी संध्याकाळी मी ताईला फोन करून सगळ्या सव्वीस शंका म्हणून दाखवल्या. ताई हसून हसून दमली. जवळच्या माणसाची टवाळी त्याच्या बायकोबरोबर करण्यासारखं सुख नाही.

महिन्याभरानं भावोजींच्या मेंढ्या शिंकायला लागल्या. नाकातून घट्ट शेंबूड, डोकी झटकणं, जमिनीवर नाक घासणं. मी वाड्यावर जाऊन बघितलं. नाकात माशीच्या अळ्या होत्या, आणि त्यांच्यावर नेहमीचं पांढरं जंताचं औषध चालत नाही. मी आयव्हरमेक्टिनचं पाजायचं औषध लिहून दिलं. कागदावर सगळं लिहिलं: माप सगळ्यात जड मेंढीच्या वजनावरून धरा, नळी जिभेच्या मागे घाला, मटणाला किती दिवस पाठवायचं नाही. मास्तरीण माझ्या पायाशी बसून होती. तिच्या डोक्यावरून मी हात फिरवला. कागदावर तिच्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

औषध पाजून दोन दिवस झाले आणि सकाळी दवाखाना उघडतानाच ताईचा फोन आला.

“मास्तरीण दारू प्यायल्यासारखी चालतेय,” ती म्हणाली. “भिंतीला धडकली. हे तिला गाडीत घालून निघालेत. तू आहेस ना?”

मी होते. गाडी आली तेव्हा मास्तरणीचं डोकं भावोजींच्या मांडीवर होतं आणि त्यांच्या विजारीवर लाळेचा मोठा ओला डाग पडला होता. बुबुळं इतकी मोठी झाली होती की डोळ्यांत दुसरा रंगच उरला नव्हता. डोळ्यांसमोर बोट नेलं तर पापणी हलेना. पाय पोहल्यासारखे हलत होते. टेबलावर घेईपर्यंत तेही थांबले.

निदानाला विचार करावा लागला नाही. आणि गुन्हेगार शोधायलाही मला विचार करावा लागला नाही.

“काय दिलंत तिला?”

“काही नाही.”

“मेंढ्यांचं औषध उरलं होतं ना? थेंबभर चालेल, म्हणून दिलंत ना?”

“नाही गं.”

“ग्रुपवर कुणी सांगितलं? खोटं बोलू नका भावोजी. किती दिलं ते मला कळायला हवं. तुम्हाला पन्नास वेळा सांगितलं, लिहून दिलं, सही करून दिलं. तुम्हाला शंका येते ती फक्त माझ्या बोलण्याची, ग्रुपवरच्या कुणाची येत नाही.”

बाहेर बाकड्यावरची माणसं गप्प झाली होती. त्यांना ऐकू जाईल अशाच आवाजात मला बोलायचं होतं. भावोजी टेबलाच्या कडेला धरून उभे होते. “मी तिला काही दिलं नाही,” एवढंच म्हणाले.

तेवढ्यात मास्तरणीला टेबलावरच संडास झाली. कंपाउंडर कापड घेऊन पुसायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग त्यानं कापड माझ्यासमोर धरलं. त्यात काळ्या, अर्धवट पचलेल्या गोळ्या होत्या, मधे मेंढीच्या लोकरीचे धागे.

“लेंड्या,” तो म्हणाला. तो त्या दिवशीचा त्याचा पहिला शब्द होता.

मेंढीला पाजलेलं आयव्हरमेक्टिन बहुतेक सगळं शेणातूनच बाहेर पडतं, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. पहिल्या काही दिवसांतल्या लेंड्यांत ते भरपूर असतं. वर मेंढ्या पाजताना निम्मं सांडतात. गल्लीतल्या सिमेंटवर औषधाचे ओघळ पडतात, आणि मास्तरीण त्या गल्लीत दिवसभर उभी होती. एका मेंढीच्या तोंडात जेवढं औषध जातं, ते भावोजींनी परत केलेल्या त्या चघळायच्या गोळीतल्या औषधाच्या सत्तर पटींहून जास्त असतं. गोळीसाठी आम्ही दोन दिवस भांडलो होतो. आणि कुत्री जमीन चाटत होती.

“तिला वेगळं बांधायला हवं होतं,” मी म्हणाले.

“मी विचारलं होतं,” भावोजी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. “तू हसलीस. मला वाटलं, ज्या अर्थी ही हसली, त्या अर्थी त्यात काही नसतं. धोका असता तर डॉक्टर हसली नसती.”

मी श्वासनलिकेची नळी उचलली.

कुत्री शुद्धीत असती आणि आत्ताच खाल्लेलं असतं तर उलटी करवता आली असती. आता उलटी करवली असती तर ती फुप्फुसात गेली असती. आधी श्वासनलिकेत नळी घातली, मग पोटात नळी घालून कोळशाची पूड पाण्यात कालवून सोडली, कारण हे औषध आतड्यातून पुन्हा पुन्हा रक्तात शोषलं जातं आणि कोळसा त्यातलं थोडंफार धरून ठेवतो. सलाईन लावलं. शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण दिलं. दोन्ही प्रती वाईट असलेल्या कुत्र्यांत त्याचा फारसा उपयोग होत नाही, हे माहीत असूनही दिलं. डोळे मिटत नव्हते म्हणून त्यांत दर थोड्या वेळानं मलम. अंग गार पडू नये म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या. एका कुशीवर पडून फुप्फुस भरू नये म्हणून ठरावीक वेळानं कूस बदलायची. पाय थरथरले तरी गुंगीचं औषध द्यायचं नाही, कारण ते आगीत तेल ओतणं झालं असतं. बाकी फक्त थांबायचं. किती दिवस, हे कुणालाच सांगता येत नाही. काही कुत्री चार दिवसांत उठतात, काही तीन आठवड्यांत, आणि काही उठतच नाहीत.

भावोजींनी मागच्या खोलीत एक स्टूल आणून ठेवलं आणि तिथे बसले. कूस बदलायचं काम त्यांनी घेतलं. ताई डबा घेऊन यायची, माझ्याकडे न बघता आत जायची. दुसऱ्या दिवशी ती माझ्यापाशी थांबली.

“मीही हसले होते,” ती म्हणाली. “फोनवर. ते पलीकडच्या खोलीत बसलेले होते.”

“त्यांनी ऐकलं?”

“मी हसताना तोंडावर हात धरत नाही, तुला माहितीये.” आणि डबा घेऊन ती आत गेली.

पण मला त्या दिवसांत सगळ्यात जास्त कशानं खाल्लं असेल, तर भावोजींनी एकही प्रश्न विचारला नाही त्यानं. नळी कशाला, नाही. पूड काळी का, नाही. सलाईनमध्ये काय आहे, ती जगेल का, किती दिवस लागतील, काही नाही. ज्या माणसाच्या शंकांना मी पंधरा वर्षं कंटाळले, तो समोर बसून सांगेल ते निमूट करत होता, आणि मी त्याच्याभोवती उगीचच घुटमळत होते. आपण होऊन सगळं समजावून सांगत होते. हृदयाचे ठोके इतके पडतायत, हे बरं आहे. श्वास आता तिचा ती घेतेय, नळी काढली. त्यांनी मान हलवली. शंकासुर गप्प बसला तर किती भयंकर दिसतो, हे ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना सांगून कळणार नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मी टाके घालत होते, आणि आतून भावोजींचा आवाज आला.

“अगं, हिनं कान हलवला. हा आपोआप हलतो, की हलवावा लागतो?”

मी हातातली सुई कंपाउंडरच्या हातात दिली. आत गेले तर मास्तरणीचं डोकं जमिनीपासून चार बोटं वर होतं आणि डगमगत होतं. मी भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिले. रडले म्हणायला हरकत नाही.

“हलवावा लागतो,” मी म्हणाले.

“मग तिला ऐकू येतंय. दिसतंय का?”

“अजून नाही. येईल. आधी हे, मग ते.”

“किती दिवसांनी?”

“मला सांगता येत नाही.”

दिसायला आणखी तीन दिवस लागले. दहाव्या दिवशी मास्तरीण स्वतःच्या पायांवर दवाखान्याबाहेर पडली. पायरी चुकली, पण पडली नाही. बाकड्याखाली एक कोंबडीची टोपली होती, तिच्यासमोर उभी राहून तिनं रोखून बघितलं, आणि आतली कोंबडी गप्प झाली. बाहेरची माणसं हसली. मला हसू आलं नाही.

त्यानंतर आठवड्यानं भावोजी वही घेऊन आले. मी त्यांची वाट बघत होते असं म्हणायला हवं. पेन तयार होतं. मी सव्विसावी शंका उघडली, माझं उत्तर दिसलं, ती वळणदार सही दिसली, आणि मी पेन टेकवून खोडायला लागले.

“खोडू नकोस,” भावोजी म्हणाले. “राहू दे. खाली लिही.”

“खाली जागा नाही.”

“मग पुढचं पान घे. तारीख घाल.”

मी तारीख घातली आणि लिहिलं: मेंढ्यांना आयव्हरमेक्टिन पाजल्यावर कुत्रीला गल्लीत आणायचं नाही. दोन आठवडे वाड्यात आणि कुरणात सोडायचं नाही. औषध सांडलेली जमीन धुऊन काढायची, भांडी आणि नळी झाकून ठेवायची. गल्लीत मेंढ्या घालायला त्या दिवशी माणसं बोलवायची. काहीही खाल्लं असं वाटलं, तर लक्षणांची वाट न बघता लगेच आणायचं. खाली सही केली, साधी.

भावोजींनी सावकाश वाचलं. ओठ हलवत वाचलं. मग खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि खाली क्रमांक घातला. सत्तावीस. लिहून झाल्यावर वही माझ्याकडे फिरवली.

‘लेंड्या भाजल्या, तर त्यातलं औषध नाहीसं होतं का?’

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं. चष्मा, आणि चष्म्यामागे उत्तराची वाट बघणारे डोळे.

“तू लिहिलं होतंस, म्हणून विचारतो,” ते म्हणाले.

ते माझी टवाळी करत होते की खरंच विचारत होते, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि ताईलाही सांगता येत नाही. मागे कंपाउंडर उभा होता. तो या वेळी हसला नाही. मी शंका पुन्हा एकदा नीट वाचली. मग त्या जागेत लिहिलं, ‘माहीत नाही,’ आणि खाली सही केली.